चार खांबांचा पर्गोला: ब्रॅकेट, तुळईचा सांधा आणि वाऱ्याविरुद्धचे टेकू

बागेतला पर्गोला बहुधा वजनाने पडत नाही. वरचे वासे आणि तुळया मिळून दोनशे किलोंच्याही आत असतात आणि चार खांबांना हे ओझे काहीच नाही. तो आधी डुलायला लागतो, मग एका बाजूला कलतो, आणि शेवटी एखाद्या वादळात आडवा होतो. म्हणून या लेखात भर तीन ठिकाणी आहे: खांब जमिनीला कसा धरायचा, तुळई खांबाला कशी धरायची आणि वाऱ्याचा आडवा रेटा कुठून जमिनीत उतरवायचा.

उदाहरणासाठी भिंतीला न टेकलेला, स्वतःच्या पायांवर उभा राहणारा एकच पर्गोला घेऊ. वरचा भाग ३.६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. खांब लांबीकडून ३ मीटर आणि रुंदीकडून २.४ मीटर अंतरावर (मध्यापासून मध्यापर्यंत). तुळईखाली मोकळी उंची २.३ मीटर.

काय काय लागेल

- खांब: १२० × १२० मिमी, २.५ मीटरचे ४
- तुळईच्या फळ्या: ४५ × १४५ मिमी, ३.६ मीटरच्या ४ (प्रत्येक बाजूला दोन)
- वासे: ४५ × ९५ मिमी, ३ मीटरचे ७
- टेकू: तुळईच्या दिशेचे ६० × ९५ मिमीचे ४, वाशांच्या दिशेचे ४५ × ९५ मिमीचे ४, प्रत्येकी सव्वा मीटर
- काँक्रीटमध्ये पुरायचे, यू आकाराचे गॅल्व्हनाइज्ड ब्रॅकेट ४
- १२ मिमीचे बोल्ट, नट आणि मोठे वॉशर. टेकूंसाठी ८ मिमीचे लांब स्क्रू
- काँक्रीट सुमारे ०.४ घनमीटर, म्हणजे १:१.५:३ मिश्रणाला ५० किलोच्या साधारण साडेतीन गोण्या सिमेंट
- दोरी, खुंट्या, टेप, गुण्या, ओळंबा, पाण्याची नळी किंवा लेव्हल, करवत, पटाशी, ड्रिल, दोन शिड्या आणि तात्पुरत्या आधारासाठी आठ पट्ट्या

लाकूड बाहेर टिकणारे किंवा प्रक्रिया केलेले घ्या. प्रक्रियेत तांब्याचे क्षार वापरले असतील तर साधे चकचकीत झिंक चढवलेले बोल्ट काही वर्षांत खाऊन जातात. तिथे गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज केलेले किंवा स्टेनलेस बोल्टच हवेत. बांधकामाला परवानगी लागते का आणि जमिनीखालून पाण्याची किंवा विजेची लाइन जाते का, हे खणण्याआधी बघून घ्या.

## १. आधी वाऱ्याचा हिशेब

हा हिशेब पाच मिनिटांचा आहे, पण त्याशिवाय पुढची मापे नुसती पाठ करावी लागतील. वाऱ्याचा दाब साधारण असा काढतात: वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचे. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येते. ताशी १०८ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ३० मीटर. दाब ५४० न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ५५ किलो. तुमच्याकडे यापेक्षा जोराचे वारे येत असतील तर तो वेग घाला. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे लक्षात असू द्या.

आता आडवा रेटा. तुळईच्या दोन्ही रांगा आणि खांबांचा वरचा अर्धा भाग मिळून वाऱ्यासमोर सुमारे १.६ चौरस मीटर लाकूड येते. कडा धारदार असलेल्या चौकोनी लाकडावर रेटा जवळपास दुप्पट धरावा लागतो. १.६ × ५५ × २ म्हणजे सुमारे १७५ किलो. चार खांबांत वाटले तर प्रत्येकी ४३ ते ४४ किलो. आकडा किरकोळ वाटतो, पण तो साधारण २.४ मीटर उंचीवर ढकलतो आहे. खांबाच्या तळाशी त्याचा पीळ, म्हणजे किलोंतला जोर गुणिले मीटरमधली उंची, १०३ च्या घरात जातो.

तो पीळ ब्रॅकेटने पेलायचा म्हटले तर काय होते बघा. ब्रॅकेटचे दोन बोल्ट एकमेकांपासून ७० मिमीवर असतील तर प्रत्येकावर सुमारे दीड टन जोर येतो, तोही लाकडाच्या तंतूंना आडवा. लाकूड बोल्टच्या ओळीत उभे चिरते. म्हणजे ब्रॅकेट कितीही जाड घेतला तरी हिशेबात तो बिजागरीच धरायचा. तो खांबाला सरकू देत नाही आणि वर उचलू देत नाही; ताठ धरायचे काम टेकूंचे.

## २. आखणी आणि खड्डे

चारही खांबांचे मध्य खुंट्या आणि दोरीने आखा. बाजू बरोबर आहेत एवढ्यावर विसंबू नका, दोन्ही कर्ण मोजा. ३ मीटर आणि २.४ मीटरच्या चौकटीचा कर्ण ३८४२ मिमी येतो. दोन कर्णांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर इथेच सुधारा. तो पुढे वाढत जातो आणि शेवटी वाशांची टोके एका ओळीत येत नाहीत. दोरीच्या खुंट्या खड्ड्यांपासून अर्धा मीटर लांब ठोका, नाहीतर खणताना त्या पहिल्यांदा जातील.

खड्डा ४०० × ४०० मिमी आणि ६०० मिमी खोल. त्यापेक्षा लहान का नको? आज वर नुसते वासे आहेत आणि वारा त्यांच्यातून निघून जातो. पण उद्या कोणी त्यावर पत्रा किंवा शेडचे कापड ताणले तर १०.८ चौरस मीटरचे पंख तयार होते. ३० मीटरच्या वाऱ्यात ते सुमारे ५९० किलोंनी वर ओढेल. प्रत्येक खांबावर १४८ किलो. ४०० × ४०० × ६०० च्या काँक्रीटचे वजन २३० किलो आणि लाकडाचा वाटा जवळपास ४८, एकूण २७८. पुरेसे आहे. खड्डा ३०० × ३०० × ४५० केला तर काँक्रीट फक्त ९७ किलोंचे होते, लाकडासकट १४५. म्हणजे पाया उचलला जाण्याच्या काठावर. शिवाय आडवा वारा पर्गोल्याला उलटवू बघतो, तेव्हा वाऱ्याकडच्या प्रत्येक खांबावर आणखी ८५ किलोंच्या आसपास वर ओढ येते. दोन्ही एकत्र धरले तरी मोठा पाया तगतो, लहान नाही.

खड्ड्याच्या बाजू सरळ ठेवा. वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा हाताने खणताना आपोआप होतो, पण असा पाया बुचासारखा वर निघतो. भर घातलेली सैल माती असेल तर पक्की जमीन लागेपर्यंत खोल जा. हिवाळ्यात जमीन गोठते अशा भागात पायाचा तळ गोठणाऱ्या थराच्या खाली हवा.

## ३. ब्रॅकेट कोणता आणि कसा बसवायचा

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला मातीत ठोकायचा खिळ्याचा. तो कुंपणाला ठीक आहे. पर्गोल्याला नको, कारण ओल्या मातीत तो हलतो. दुसरा तयार काँक्रीटवर चार अँकर बोल्टने आवळायचा. जुनी पक्की फरशी असेल तर हाच लागतो, पण त्यात दोन सापळे आहेत: अँकर काँक्रीटच्या कडेजवळ मारला की कोपरा फुटतो, आणि नुसत्या पातळ फरशीला उचल पेलण्याइतके वजन नसते. तिसरा ओल्या काँक्रीटमध्ये पुरायचा, खाली गाठी असलेली सळई किंवा पट्टी असलेला. नवा पाया घालताय तर हाच घ्या. पुरला जाणारा भाग २०० मिमीपेक्षा कमी नसावा. उंची कमी-जास्त करायच्या आट्यांचे ब्रॅकेट सोयीचे वाटतात. पण वर केलेली आट्यांची दांडी आडव्या जोराला वाकते, म्हणून ते मोकळ्या पर्गोल्याला टाळलेले बरे.

विकत घेताना आणखी एक माप बघा. ब्रॅकेटच्या बैठकीपासून सर्वांत खालचे भोक ८५ मिमी तरी वर हवे. भोक खाली असेल तर वारा खांब उचलतो तेव्हा बोल्ट खांबाच्या टोकाचा तुकडा खाली फोडून काढतो. १२ मिमीच्या बोल्टला टोकापासून सातपट, म्हणजे ८४ मिमी लाकूड लागते, तिथून हा आकडा आला.

काँक्रीट भरल्यावर सळईने गोदून हवा काढा. माथा जमिनीपेक्षा ५० मिमी वर ठेवा आणि चारही बाजूंना किंचित उतार द्या. ब्रॅकेट खोचून ओळंब्यात धरा आणि त्याची बैठक काँक्रीटपासून ३० मिमी वर राहील एवढाच दाबा. हीच ३० मिमीची फट खांबाचे आयुष्य ठरवते. खांबाचे उभे टोक स्पंजासारखे पाणी ओढते. ते काँक्रीटला टेकले तर वरून रंग कितीही दिलात तरी आतून कुजते. खांब थेट काँक्रीटमध्ये पुरण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने सुरुवातीला घट्टपणा येतो खरा, पण खांब नेमका जमिनीच्या पातळीवर सडतो आणि बदलायचा तर पाया फोडावा लागतो.

चारही ब्रॅकेटच्या बाजूच्या पट्ट्या एकाच दिशेला असू द्या. काँक्रीट आवळण्याआधी कर्ण पुन्हा मोजा. ब्रॅकेट अजून हलवता येतात. मग सात दिवस पाणी मारा आणि तोवर खांब चढवू नका.

## ४. खांब उभे करून खाचांची पातळी घेणे

चारही ब्रॅकेट तंतोतंत एका पातळीत येत नाहीत, दहा-पंधरा मिमीचा फरक पडतोच. म्हणून खांब जमिनीवर ठेवून एकाच मापाने कापू नका. आधी प्रत्येक खांब आपापल्या ब्रॅकेटमध्ये उभा करा, दोन दिशांना तात्पुरत्या पट्ट्या मारून ओळंब्यात आणा आणि एका खांबावर जमिनीपासून २.३ मीटरची खूण करा. ती खूण पाण्याच्या नळीने बाकी तिन्ही खांबांवर न्या. खांबांना क्रमांक द्या, त्यांची कुठली बाजू बाहेर आहे तेही लिहा. मग उतरवून खाली काप घ्या. काम दुप्पट वाटते, पण शिडीवर उभे राहून पटाशी चालवण्यापेक्षा सोपे आहे.

खांबाच्या खालच्या टोकाला लाकूडरक्षक द्रावण भरपूर पाजा. कापलेल्या प्रत्येक नव्या भागाला तेच.

## ५. तुळई आणि खांबाचा सांधा

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे खांबाच्या दोन बाजूंना फळ्या लावून नुसते बोल्ट आवळणे. तेव्हा सगळे वजन बोल्टवर लटकते, लाकूड वाळून आकसते, भोके लांबट होतात आणि तुळई खाली बसते. त्याऐवजी फळी लाकडावर टेकवा आणि बोल्टला फक्त धरून ठेवायचे काम द्या.

२.३ मीटरच्या खुणेपासून वर, खांबाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला ३० मिमी खोल खाच घ्या. मध्ये ६० मिमी जाडीची जीभ उरते. तिच्या दोन्ही अंगांना खांबाच्या खांद्यावर ४५ मिमीची एकेक फळी बसते. ३० मिमी टेकते, १५ मिमी बाहेर राहते. जीभ फळीच्या वरच्या कडेपेक्षा ८५ मिमी उंच ठेवा. बरेच जण ती दिसायला नीट म्हणून फळीबरोबर कापतात. तसे केले की वरच्या बोल्टपासून टोकापर्यंत लाकूड उरत नाही आणि उचल आली की बोल्ट जीभ फाडून निघतो. शिवाय या वाढीव जिभेचा पुढे उपयोग आहे.

खाच कापताना आडवा काप ३० मिमीच्या रेषेवर थांबवा. एक मिमी जरी पुढे गेला तरी जिभेच्या मुळाशी चीर पडायला जागा मिळते. खांदा गुण्यात आहे का ते तपासा. तो तिरका असेल तर फळी एका कोपऱ्यावर टेकेल आणि तेवढाच कोपरा चेपेल.

फळ्या बसवून शिकंजाने धरा आणि तिन्ही थरांतून एकदम १३ मिमीचे भोक पाडा, निम्मे एका बाजूने आणि निम्मे दुसऱ्या बाजूने, म्हणजे ड्रिल तिरके जात नाही. प्रत्येक खांबावर दोन बोल्ट, तिरप्या ओळीत: एक फळीच्या वरच्या कडेपासून ४५ मिमी खाली आणि दुसरा खालच्या कडेपासून ४५ मिमी वर. दोन्ही एकाच उभ्या रेषेत ठेवले तर जीभ त्या रेषेत चिरते. सांध्याची जाडी १५० मिमी, म्हणून बोल्ट १८० मिमी लांब. वॉशर लहान वापरू नका. बाहेरचा व्यास ३६ मिमीच्या पुढे हवा, नाहीतर आवळताना तो लाकडात रुततो आणि आपल्याला घट्ट बसल्यासारखे वाटत राहते.

## ६. वासे

सातपैकी दोन वासे आधी बसवा. हे दोन टोकाच्या खांबांच्या बाहेरच्या अंगाला, वर आलेल्या जिभेला चिकटून येतात. प्रत्येक जिभेला ते एका १२ मिमीच्या बोल्टने जोडा. आता रुंदीच्या दिशेलाही दोन पूर्ण चौकटी तयार झाल्या, आणि त्या दिशेचे टेकू लावायला जागा मिळाली. बाकीचे पाच वासे मध्ये साधारण ५२५ मिमी अंतराने येतील, पण ते टेकू लागल्यावरच चढवा.

वासा तुळईला तिरपे खिळे मारून धरू नका. खिळे खाली दाबणाऱ्या वजनाला चालतात, वर ओढणाऱ्या वाऱ्याला ते सरळ निसटतात. प्रत्येक टेकणीवर एक कोनी पट्टी, किंवा वरून तुळईत ६० मिमी तरी शिरेल असा लांब स्क्रू लावा.

## ७. टेकू

प्रत्येक खांबाला दोन टेकू, दोन दिशांना एकेक; एकूण आठ. फक्त समोरून दिसणाऱ्या चौकटीला टेकू लावून मागे-पुढे मोकळे सोडलेले पर्गोले खूप दिसतात. वाऱ्याला समोरची बाजू कोणती ते ठाऊक नसते.

टेकू किती खाली घ्यायचा यावर त्याच्यातला जोर ठरतो. वरच्या कोपऱ्यापासून ७०० मिमी खाली आणि ७०० मिमी बाजूला, ४५ अंशांत घेतला तर आपल्या उदाहरणात त्याच्यावर साधारण २१० किलोंचा जोर येतो. डोके आपटू नये म्हणून तो ३५० मिमीवर आणला की जोर दुप्पट, सव्वाचारशे किलोंच्या आसपास. शोभेचे छोटे टेकू म्हणूनच सांध्यातून उखडतात. ७०० मिमीला खालचे टोक १.६ मीटर उंचीवर येते, पण तिथे ते खांबाला लागूनच असते. खांबापासून पाऊल-दीड पाऊल दूर चालणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही.

तुळईच्या दिशेचा टेकू ६० मिमी जाड का घेतला ते आता कळेल: दोन फळ्यांमधली फट तेवढीच आहे. टेकूचे वरचे टोक त्या फटीत सरकवा आणि तिन्हींतून एक १२ मिमीचा बोल्ट घाला. बोल्ट टेकूच्या टोकापासून ८५ मिमी आत असू द्या. खालचे टोक ४५ अंशांत कापून खांबाला टेकवा आणि १६० मिमीचे दोन स्क्रू मारा. आधी बारीक भोक पाडा, नाहीतर तिरके टोक हमखास फुटते.

वाशांच्या दिशेचा टेकू खांबाच्या बाहेरच्या अंगाला येतो, म्हणजे टोकाच्या वाशाच्या बरोबर खाली. खालचे टोक खांबावर आडवे ठेवून १२ मिमीच्या बोल्टने आरपार जोडा. वरचे टोक वाशाच्या पोटाला टेकेल असे कापा आणि वाशाच्या माथ्यावरून २०० मिमीचे दोन स्क्रू खाली उतरवा. वासा तुळईच्या वर असल्याने या टेकूचे खालचे टोक दुसऱ्या टेकूपेक्षा १४५ मिमी वर येते. तसेच राहू द्या, दिसायला सारखे करायच्या मोहात पडू नका. खांबाला एकाच जागी दोन्हीकडून भोके पडायला नकोत. टेकूसाठी खांबात खाचही घेऊ नका. वाऱ्यात खांब सर्वांत जास्त वाकतो तो नेमका तिथेच.

वारा एका बाजूने आला की एक टेकू दाबला जातो आणि समोरचा ताणला जातो. दाबाला नुसते टेकलेले लाकूडही पुरते, ताणाला स्क्रू आणि बोल्ट लागतात. म्हणून नुसत्या खिळ्यांवर टेकू सोडू नका.

टेकू लावण्याआधी प्रत्येक खांब पुन्हा ओळंब्यात आणा. कललेल्या चौकटीला टेकू मारला की ती कायमची कललेलीच राहते. तात्पुरत्या पट्ट्या आठही टेकू आवळून होईपर्यंत काढायच्या नाहीत.

## ८. तपासणी

सगळे झाल्यावर एका खांबाला खांद्याच्या उंचीवर दोन्ही हातांनी लयीत ढकला, आधी एका दिशेला, मग दुसऱ्या. वरचे टोक जेमतेम काही मिमी हलले पाहिजे आणि हात थांबताच तेही थांबले पाहिजे. डुलणे सुरू राहिले तर कुठे टक्‌टक्‌ आवाज येतो ते ऐका. आवाज बहुतेक टेकूच्या टोकाशी असतो. तिथे फट राहिलेली असते किंवा भोक मोठे पडलेले असते. फटीत लाकडाची पाचर मारून भागवू नका, वाळल्यावर ती गळून पडते. टोक पुन्हा कापून टेकवा. आवाज खालून येत असेल तर ब्रॅकेटचे बोल्ट बघा, आणि बोल्ट घट्ट असूनही काँक्रीटभोवती माती हलताना दिसली तर पाया लहान किंवा जमीन सैल आहे.

ओलसर लाकूड पहिल्या कोरड्या ऋतूत आकसते आणि सगळे नट ढिले होतात. तेव्हा एकदा प्रत्येक नट आवळा, आणि पुढे दरवर्षी वादळांच्या आधी. त्याच वेळी जिभेच्या मुळाशी आणि ब्रॅकेटच्या बोल्टच्या ओळीत उभी चीर आहे का ते बघा. वरवरच्या बारीक भेगा वाळण्याच्या असतात, त्यांचे काही नाही. पण बोल्टपासून निघून लाकडाच्या टोकापर्यंत पोचलेली चीर दिसली तर तो खांब बदला. वेल चढवणार असाल तर हिशेब पुन्हा करा: दाट पानांचा वेल वाऱ्याला जवळपास भिंतीसारखा अडवतो आणि १.६ चौरस मीटरचे सहज तीन-चार चौरस मीटर होतात.